साडेतीन एकर की साडेतीन हेक्टर? पीक कर्जाच्या अर्जात क्षेत्राचा आकडा कुठून उचलायचा

समजा, जालना जिल्ह्यातल्या एका गावात एक शेतकरी आहेत. आपण त्यांना नाना म्हणू. खरिपासाठी पीक कर्ज काढायचं म्हणून नानांच्या मुलाने बँकेचा फॉर्म आणला, दोन गटांचे सातबारे समोर ठेवले आणि भरायला बसला. सर्व्हे नंबर लिहिला, आकारणी लिहिली. ‘एकूण क्षेत्र’ या रकान्याशी आल्यावर त्याने दोन्ही सातबाऱ्यांवरचे आकडे बेरजेला घेतले. १.६८ अधिक १.८६, झाले ३.५४. मग त्याने विचारलं, “नाना, आपलं रान किती?” नाना म्हणाले, “साडेतीन एकराच्या आसपास.” आकडा बरोबर बसला. मुलाने निर्धास्तपणे ३.५४ लिहिलं आणि अर्ज देऊन आला.

आठ दिवसांनी अर्ज परत आला. शेरा होता, ‘क्षेत्र जुळत नाही’.

गंमत अशी की नाना खरं बोलले होते आणि मुलाची बेरीजही चुकली नव्हती. सातबाऱ्यावरचे आकडे हेक्टरमध्ये होते आणि नानांच्या तोंडी एकर होते. शिवाय मुलाने उचललेले आकडे गटाचे होते, नानांचे नव्हते. दोन वेगवेगळ्या चुका एकमेकींवर बरोब्बर बसल्या, म्हणून कुणालाच शंका आली नाही. नाना आणि त्यांचे आकडे मी समजावण्यासाठी रचले आहेत. पण अर्ज परत येतात ते बहुतेक असेच, आणि म्हणून हा लेख पूर्ण फॉर्मवर नाही. आधार, पॅन, फोटो, पासबुकाची प्रत यांत सहसा कुणी अडत नाही. अडतात ते तीन रकाने: गट किंवा सर्व्हे नंबर, क्षेत्र आणि त्यावरचा बोजा. त्यांतही क्षेत्र सर्वात जास्त.

आधी कागद बरोबर हवेत

दोन कागद लागतात, सातबारा आणि आठ-अ. सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा एकत्र. वरच्या भागात जमीन कोणाची, किती आणि तिच्यावर कोणाचे हक्क हे असतं. खालच्या भागात पिकं. सातबारा जमिनीचा असतो, म्हणजे एका गटाचा किंवा त्याच्या हिश्श्याचा एक. आठ-अ मात्र माणसाचा, नेमकं सांगायचं तर खात्याचा असतो. त्या गावात त्या खात्यावर कोणकोणते गट आहेत याची ती यादी.

इथेच पहिली पाचर बसते. नानांची एक जमीन त्यांच्या एकट्याच्या नावावर आहे आणि दुसरी तिघा भावांच्या सामाईकात. महसूल दप्तरात ही दोन वेगळी खाती आहेत आणि त्यांचे खाते क्रमांकही वेगळे. म्हणजे आठ-अ देखील दोन काढावे लागतात. मुलाने नानांच्या नावाने शोधून जो पहिला दिसला तो एकच काढला होता. बँकेच्या माणसाने तो पाहिला, त्यात एकच गट दिसला, आणि अर्जात तर दोन. तुमच्या अर्जात जितके गट आहेत तितके सगळे तुम्ही जोडलेल्या आठ-अ वर सापडले पाहिजेत. एखादा सापडला नाही, तर खाते दुसरं आहे असं समजा आणि त्याचाही आठ-अ काढा.

कागद कुठून काढता यालाही महत्त्व आहे. bhulekh.mahabhumi.gov.in वर फुकट दिसतो तो सातबारा पाहण्यापुरता असतो, तो कायदेशीर कामाला चालत नाही. digitalsatbara.mahabhumi.gov.in वरून १५ रुपये भरून मिळतो तो डिजिटल सहीचा, आणि त्यावर पुन्हा शिक्का मारून घ्यायला तलाठ्याकडे जावं लागत नाही. (तलाठ्यांचं पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी झालं आहे. गावात अजून सगळे तलाठीच म्हणतात, मीही इथे तेच म्हणतो.) सातबारा हातात आला की ‘प्रलंबित फेरफार’ ही ओळ आधी पाहा. तिथे ‘नाही’ असेल तर पुढे चला. एखादा नंबर असेल तर त्या जमिनीवर काहीतरी नोंद चढण्याच्या वाटेवर आहे, आणि बँक ती पूर्ण होईपर्यंत थांबायला सांगू शकते.

सर्व्हे नंबर मागितला, माझ्याकडे तर गट नंबर आहे

हा प्रश्न दरवर्षी येतो. बँकेच्या छापील फॉर्मवर ‘सर्व्हे नं.’ असं असतं आणि सातबाऱ्यावर ‘गट क्रमांक’. मग कोणी आजोबांचं जुनं खरेदीखत पेटीतून काढतं आणि त्यातला सर्व्हे नंबर लिहितं. तसं करू नका.

झालं असं की इंग्रजांच्या काळात जमिनीची मोजणी होऊन प्रत्येक तुकड्याला सर्व्हे नंबर मिळाला. पुढे वाटण्या होऊन त्याचे हिस्से पडत गेले. १९४७ च्या तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाच्या कायद्याखाली ज्या गावांत एकत्रीकरण योजना राबवली गेली, तिथे विखुरलेले तुकडे जोडून नवे गट केले आणि त्यांना नवे नंबर दिले. त्या गावांत जुना सर्व्हे नंबर आता व्यवहारात नाही. जिथे योजना झाली नाही, उदाहरणार्थ कोकणातली कित्येक गावं, तिथे आजही सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबरच चालतो. म्हणून नियम साधा आहे. फॉर्मवर काहीही छापलेलं असो, आजच्या सातबाऱ्याच्या माथ्यावर जो क्रमांक आहे तोच लिहायचा, आणि जसा आहे तसाच लिहायचा.

‘जसा आहे तसाच’ यावर जरा थांबतो. नानांचा एक गट ८७/२ आहे. मुलाने घाईत नुसतं ८७ लिहिलं. आता ८७/१ हा शेजाऱ्याचा आहे आणि ८७/२ मध्येही नानांबरोबर आणखी एक खातेदार आहे. नुसतं ८७ लिहिलं तर बँकेला कळणार कसं की तारण कोणतं? तिरकी रेघ, अक्षर, सगळं उतरवा. ११२/१/ब असेल तर ‘ब’ ही आलाच पाहिजे. संगणकावर तक्ता भरणाऱ्याने एक काळजी घ्यावी. ५/२ असा नंबर हिशेबाच्या तक्त्यात टाकला की संगणक त्याची तारीख करून टाकतो, पाच फेब्रुवारी किंवा दोन मे. छापून आलेल्या यादीत गट नंबराच्या जागी तारीख दिसली तर हसू येतं, पण तोवर अर्ज पुढे गेलेला असतो.

गावाचं नावही पूर्ण लिहा. महाराष्ट्रात वडगाव बुद्रुक आणि वडगाव खुर्द अशा जोड्या भरपूर आहेत, आणि दोन्ही गावांत गट १४२ असू शकतो. सातबाऱ्यावर गावाच्या नावापुढे एक संकेतांक छापलेला असतो. फॉर्ममध्ये गाव कोड मागितला असेल तर तो तिथूनच घ्यायचा.

आता क्षेत्र

सातबाऱ्यावर शेतजमिनीचं क्षेत्र हेक्टर, आर, चौरस मीटर असं तीन भागांत असतं. ०.८०.०० म्हणजे शून्य हेक्टर, ८० आर, शून्य चौरस मीटर. १०० चौरस मीटरचा एक आर, १०० आरचा एक हेक्टर. म्हणजे मधला भाग कायम दोन अंकी असतो आणि तो दोन अंकीच वाचायचा.

हे साधं वाटतं, पण इथे मोठी फसगत आहे. एखाद्याचं क्षेत्र १.०५.०० आहे, म्हणजे एक हेक्टर पाच आर. फॉर्मवर तो लिहितो १.५. बँकेच्या संगणकाला १.५ म्हणजे दीड हेक्टर. एका शून्याने ४५ आर वाढले, म्हणजे एक एकरापेक्षा जास्त. उलटंही होतं. १.५०.०० ला कोणी ‘एक हेक्टर पाच’ वाचतं आणि तेवढी जमीन हातची घालवतं. म्हणून फॉर्मवर १.०५ किंवा १.५० असं दोन अंक भरूनच लिहा. चौरस मीटर असतील तर तेही जोडा. ०.८०.५० म्हणजे ०.८०५० हेक्टर.

दुसरी फसगत एकर-गुंठ्याची. आपल्या तोंडी ‘दोन एकर दहा’ असतं आणि कागदावर आपण २.१० लिहितो. पण एकरात ४० गुंठे असतात, म्हणून दोन एकर दहा गुंठे म्हणजे सव्वादोन एकर, दशांशात २.२५. हेक्टरमध्ये ते साधारण ०.९१. एक एकर म्हणजे ०.४०४७ हेक्टर, आणि एक हेक्टर म्हणजे २.४७ एकर, बोलीत जवळपास दोन एकर एकोणीस गुंठे. गुंठा आणि आर मात्र जवळपास सारखेच आहेत. गुंठा १०१ चौरस मीटरचा, आर १०० चा. त्यामुळे हिशेब तपासायचा असेल तर सोपी युक्ती आहे. हेक्टर-आर मधले सगळे आर करा आणि त्याला गुंठे समजून ४० ने भागा. १.४० हेक्टर म्हणजे १४० आर, म्हणजे जवळपास १४० गुंठे, म्हणजे साडेतीन एकर. एवढ्यावर चूक पकडता येते. अचूक आकडा मात्र फॉर्मवर सातबाऱ्यातलाच जाऊ द्या, तोंडी हिशेबातला नको.

आता मुख्य गाठ. एकाच जमिनीला क्षेत्राचे चार-पाच आकडे असतात आणि प्रत्येक पुढचा आकडा आधीच्यापेक्षा लहान असतो. फॉर्ममधल्या वेगवेगळ्या रकान्यांना वेगवेगळा आकडा हवा असतो. नानांचे सातबारे घेऊन वरून खाली उतरू.

सातबाऱ्याच्या डाव्या बाजूला गटाचं क्षेत्र असतं. ते ‘अ’ आणि ‘ब’ मध्ये मांडलेलं असतं. ‘अ’ म्हणजे लागवडयोग्य क्षेत्र, त्यात जिरायत किती आणि बागायत किती. ‘ब’ म्हणजे पोटखराब, त्यात वर्ग अ आणि वर्ग ब. शेवटी अ आणि ब ची बेरीज म्हणून एकूण क्षेत्र. नानांच्या गट ८७/२ मध्ये लागवडयोग्य १.६०, पोटखराब ०.०८, एकूण १.६८. गट १४२ मध्ये लागवडयोग्य १.८०, पोटखराब ०.०६, एकूण १.८६. मुलाने उचलले ते हे दोन शेवटचे आकडे. पण ते गटाचे आहेत. गटात जितके खातेदार असतील त्या सगळ्यांचे मिळून.

नानांचा आकडा मधल्या भागात आहे, त्यांच्या नावासमोर. ८७/२ मध्ये दोन खाती आहेत. नानांच्या खात्यासमोर क्षेत्र ०.८० आणि पोटखराब ०.०४ आहे. दुसऱ्या खातेदारासमोरही तेवढंच. दोघांची बेरीज केली की डावीकडचे १.६८ मिळतात. ही बेरीज एकदा करून पाहावी, त्याने आपण योग्य ओळ वाचतोय याची खात्री होते. म्हणजे या गटातली नानांची जमीन पोटखराबासह ०.८४.

गट १४२ मध्ये एकच खातं आहे, सामाईक. तिघा भावांची नावं एकाखाली एक आहेत आणि क्षेत्र फक्त एकाच ठिकाणी आहे. बाकीच्या नावांसमोर ‘सामाईक क्षेत्र’ असं छापलेलं असतं. म्हणजे कोणाचं किती हे सातबारा सांगत नाही.

तर नानांच्या खात्यांची बेरीज ०.८४ अधिक १.८६, म्हणजे २.७०. त्यातून पोटखराब वजा केला की ०.८० अधिक १.८०, म्हणजे २.६०. पीक कर्ज लागवडयोग्य जमिनीवर मिळतं, पोटखराबावर नाही.

पोटखराबाबद्दल दोन वाक्यं जास्तीची, कारण त्यावरून वाद होतात. वर्ग ब म्हणजे रस्ता, ओढा, पाण्याचा प्रवाह अशा सार्वजनिक वापराची जागा. ती लागवडीत आणायची नसते. वर्ग अ म्हणजे खडक, नाला, खाचखळगा अशी शेतीला न चालणारी जागा. पुष्कळांनी ती केव्हाच सपाट करून पेरायला घेतलेली असते. “माझ्या तिथे सोयाबीन उभं आहे, तुम्ही खराब कसं म्हणता?” असा प्रश्न शेतकरी बँकेत विचारतात, आणि तो चूक नाही. पण बँक शेत बघत नाही, नोंद बघते. वर्ग अ चं क्षेत्र लागवडयोग्य करून घेण्यासाठी महसूल खात्याकडे अर्ज करता येतो. मे महिन्यात, कर्जाच्या तोंडावर मात्र तो विषय काढून उपयोग नाही. या वर्षी वजा करूनच लिहा.

राहिला सामाईक गट. तिथे बँका साधारण दोनपैकी एक वाट धरतात. एक तर अर्जदाराच्या हिश्श्यापुरतं क्षेत्र धरतात. नाहीतर बाकीच्या सहहिस्सेदारांकडून लेखी संमती घेऊन तेवढं क्षेत्र अर्जदाराच्या नावे धरतात. संमती असेल तर तिच्यात गट नंबर आणि क्षेत्र दोन्ही लिहिलेलं पाहिजे. ‘आमची हरकत नाही’ एवढ्या एका ओळीच्या कागदाने काम होत नाही. आणि एक गट दोघा भावांनी दोन बँकांत पूर्ण दाखवला तर दोघांचेही अर्ज अडकतात. हिस्सा मोजताना नावं नीट मोजा. वारस नोंदीत आई आणि बहिणींची नावं लागलेली असतात आणि आपण मोजताना भावांपुरतंच मोजतो. सातबाऱ्यावर पाच नावं असतील तर तीनने भागून चालणार नाही. बहिणीने हक्कसोड दिलं असेल, पण त्याचा फेरफार झाला नसेल, तर तिचं नाव अजून मोजायचंच आहे.

नानांच्या गटात तीनच नावं आहेत, हिस्से सारखे आहेत आणि संमतीपत्र नाही. म्हणून १.८० चा तिसरा भाग ०.६०. आधीचे ०.८० मिळवले की १.४०. हा नानांचा खरा आकडा. १४० आर, साडेतीन एकर. नाना पहिल्यापासून जे सांगत होते तेच.

या आकड्याचा आणखी एक परिणाम आहे, तो मुलाच्या लक्षात आला नव्हता. फॉर्मवर ‘शेतकरी प्रकार’ असा रकाना असतो. एक हेक्टरपर्यंत जमीन असेल तर अत्यल्पभूधारक, एक ते दोन हेक्टर असेल तर अल्पभूधारक. ३.५४ लिहिल्यामुळे नाना स्वतःच्या हाताने अल्पभूधारकातून बाहेर पडले होते.

क्षेत्रावरून रक्कम कशी ठरते

शेवटचा आकडा या हंगामात कोणत्या पिकाला किती जमीन, याचा. पीक कर्जाची रक्कम शेतकरी मागेल तितकी नसते. प्रत्येक पिकाला हेक्टरी किती कर्ज द्यायचं याचे दर जिल्ह्याची तांत्रिक समिती दरवर्षी ठरवते. बागायत आणि जिरायतचे दर बहुतेक पिकांना वेगळे असतात. म्हणून सातबाऱ्यावरची जिरायत-बागायत ही फोड महत्त्वाची. विहीर खोदून चार वर्षं झाली, पण सातबाऱ्यावर अजून सगळं जिरायतच असेल, तर बागायती दर मागताना अडचण येते.

समजा नानांना ०.८० वर सोयाबीन आणि ०.६० वर कापूस घ्यायचा आहे. गणितापुरते दर धरू, सोयाबीनला हेक्टरी ६०,००० आणि कापसाला ६५,०००. तुमच्या जिल्ह्याचे दर बँकेत किंवा सोसायटीत विचारून घ्या. सोयाबीनचे झाले ४८,०००, कापसाचे ३९,०००, मिळून ८७,०००. किसान क्रेडिट कार्डावर कर्ज असेल तर पहिल्या वर्षाच्या मर्यादेत यावर १० टक्के घरखर्च आणि काढणीनंतरच्या गरजांसाठी, २० टक्के शेतीच्या साधनांच्या देखभालीसाठी धरतात. म्हणजे ८,७०० आणि १७,४००. एकूण १,१३,१०० रुपये, विम्याचा हप्ता वेगळा. विकास सोसायटीत रोख आणि खतबियाणं असा वाटा पाडण्याची पद्धत आहे, पण मुळाशी गणित तेच: दर गुणिले क्षेत्र.

पिकांच्या क्षेत्रांची बेरीज लागवडयोग्य क्षेत्रापेक्षा जास्त होता कामा नये, ही तपासणी फॉर्म देण्याआधी स्वतःच करा. सोयाबीनमध्ये तुरीच्या ओळी असतील तर दोन्ही पिकांना पूर्ण क्षेत्र लिहू नका. आंतरपिकाचा दर वेगळा आहे का ते विचारा, नसेल तर क्षेत्र वाटून लिहा.

पीक लिहिताना दर बघून लिहिण्याचा मोह होतो. कापसाचा दर जास्त, म्हणून कापूस लिहायचा आणि पेरायचं सोयाबीन. याची किंमत विम्यात चुकवावी लागते. कर्जदार शेतकऱ्याला पीक विमा २०२० च्या खरिपापासून ऐच्छिक आहे. पण नको असेल तर शेवटच्या तारखेच्या किमान सात दिवस आधी तसं लेखी कळवावं लागतं. कळवलं नाही तर हप्ता खात्यातून कापला जातो, आणि तो अर्जातल्या पिकाचा. पुढे ई-पीक पाहणीत तुम्ही सोयाबीनचा फोटो टाकता. विमा कापसाचा, शेतात सोयाबीन, आणि नुकसान झाल्यावर दावा फेटाळायला एवढं कारण पुरतं. पाऊस लांबला आणि पीक खरंच बदललं, तर बँकेत जाऊन पीक बदलल्याचं वेळेत लिहून द्या.

इतर हक्क

सातबाऱ्याच्या उजव्या बाजूचा हा रकाना फॉर्म भरताना कोणी वाचत नाही आणि बँकेचा माणूस मात्र सर्वात आधी वाचतो. तिथे बोजे असतात. नानांच्या ८७/२ वर त्यांच्या वडिलांनी काढलेल्या सोसायटीच्या कर्जाचा बोजा होता. कर्ज केव्हाच फिटलं होतं, नोंद तशीच राहिली होती.

विकास सोसायटीकडून कर्ज घेताना सभासद इकरार करून देतो आणि सहकार कायद्याच्या कलम ४८ खाली जमिनीवर त्या कर्जाचा बोजा बसतो. कर्ज फिटल्यावर सोसायटीच्या वहीत खातं बंद होतं, पण सातबारा आपोआप बदलत नाही. त्यासाठी सोसायटीकडून किंवा बँकेकडून बेबाकीचा दाखला आणि बोजा कमी करण्याचं पत्र घ्यायचं आणि तलाठ्याकडे द्यायचं. ई-हक्क प्रणालीतून हा अर्ज ऑनलाइनही करता येतो. तलाठी फेरफार धरतो, हितसंबंधितांना हरकतीसाठी १५ दिवस मिळतात आणि मग मंडळ अधिकारी तो प्रमाणित करतो. म्हणून कर्ज जूनमध्ये हवं असेल तर हे काम एप्रिलच्या सुरुवातीला हातात घ्या.

जुना बोजा खरोखर थकीत असेल तर तो लपवण्यात काही अर्थ नाही. फॉर्मवर ‘इतर बँका व संस्थांकडील कर्ज’ असा रकाना आहे. तिथे ‘निरंक’ लिहिलं आणि सातबाऱ्यावर दुसऱ्या संस्थेचा बोजा दिसला, तर अर्जाबरोबर माणसाचीही किंमत जाते. ‘निरंक’ हा शब्द पुष्कळजण सवयीने सगळ्या रिकाम्या रकान्यांत लिहितात. इथे जरा हात आवरा.

तारणाबद्दल एक गैरसमज आहे. १ जानेवारी २०२५ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने दोन लाख रुपयांपर्यंतच्या शेती कर्जाला जमीन तारण लागत नाही, त्याआधी ही मर्यादा १ लाख ६० हजार होती. यावरून काहीजण म्हणतात, मग सातबारा कशाला? तर क्षेत्र आणि पीक ठरवायला. नानांच्या १,१३,१०० ला गहाणखत लागणार नाही, पण ती रक्कम आली कुठून हे दाखवायला सातबारा लागणारच.

जमीन भोगवटादार वर्ग २ ची असेल तर लोक आधीच नाद सोडतात. विक्रीला परवानगी लागते हे खरं, पण महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ मध्ये अशा खातेदाराला सहकारी संस्था आणि बँकांकडे कर्जासाठी जमीन गहाण ठेवण्याची मुभा आहे. शाखेत नकार मिळाला तर कारण लेखी मागा.

नाव

सातबाऱ्यावर पांडुरंग, आधारवर पांडूरंग, बँकेत फक्त आडनाव आणि आद्याक्षरं. ही तफावत छोटी असेल तर बहुतेक ठिकाणी प्रतिज्ञापत्रावर भागतं. पण संगणकीकरणात टंकताना चूक झाली असेल, म्हणजे जुन्या हस्तलिखित सातबाऱ्यावर नाव बरोबर आणि नव्यावर चूक, तर कलम १५५ खाली तहसीलदारांकडून लेखनप्रमाद दुरुस्त करून घेता येतो. हे फुरसतीच्या महिन्यात करून टाका. शेतकरी ओळख क्रमांक काढतानाही हीच नावं जुळवली जातात.

सातबारा अजून वडिलांच्या नावावर आणि वडील हयात नाहीत, अशा जमिनीवर मुलाला पीक कर्ज मिळत नाही, मग तो ती वीस वर्षं कसत असला तरी. आधी वारस नोंद. वडील हयात असतील तर अर्ज वडिलांच्या नावाने करा. मुलाने सही करून काही साधत नाही.

नानांच्या मुलाने दुसऱ्यांदा फॉर्म भरला तेव्हा त्याने आधी कोऱ्या कागदावर दोन ओळी लिहिल्या. गट ८७/२, खाते ३१२, क्षेत्र ०.८०, पो.ख. ०.०४, सोयाबीन ०.८०. गट १४२, खाते १४५ सामाईक, हिस्सा १/३, क्षेत्र ०.६०, कापूस ०.६०. मग त्या दोन ओळींवरून फॉर्म भरला. ‘एकूण धारण क्षेत्र’ विचारलं तिथे पोटखराबासह स्वतःच्या हिश्श्याचे ०.८४ आणि ०.६२, म्हणजे १.४६. ‘लागवडीखालील क्षेत्र’ विचारलं तिथे १.४०. नानांनी कागद डोळ्यांजवळ धरला आणि विचारलं, “हे एकच चाळीस काय? आपलं तर साडेतीन आहे.”